वेरूळचा दिवस आणि ड्रायव्हरला पाठवलेल्या दोन चिठ्ठ्या

आमच्या घरात सहलीचं नियोजन माझ्याकडे असतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास नवऱ्याला होतो. मला कोणती गोष्ट किती वाजता हे लिहून ठेवल्याशिवाय झोप येत नाही. त्याला आपण निघालोय एवढं पुरतं. जानेवारीत आम्ही सहाजण छत्रपती संभाजीनगरला गेलो. ७२ वर्षांची आई, ७६ वर्षांचे बाबा, आम्ही दोघं, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. तिथल्या तीन दिवसांबद्दल लिहायचं तर लेण्यांइतकंच ड्रायव्हरला पाठवलेल्या चिठ्ठ्यांबद्दल लिहावं लागेल. पहिली चिठ्ठी त्यांनी फोनवरच फेटाळली, दुसरी निम्मी मोडली, आणि दिवस मात्र छान गेला.

पहिला दिवस, गुरुवार

ठाण्याहून दुपारची रेल्वे धरली आणि संध्याकाळी पोचलो. गाडी आधीच ठरवली होती, सात सीटची. सहा माणसं आणि ड्रायव्हर म्हणजे ती पूर्ण भरते, हे बुक करताना लक्षात घ्या. मागच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं, तिथे मुलंच बसू शकतात. सामान असेल तर ते मांडीवर येतं. आम्ही शुक्रवार-शनिवार हॉटेलवर परतणार होतो म्हणून चाललं.

जेवण झाल्यावर मी ड्रायव्हरना व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. ती अशी होती:

*नमस्कार. उद्याचा कार्यक्रम:*
*७.०० हॉटेल*
*८.०० वेरूळ लेणी*
*११.०० घृष्णेश्वर*
*१२.०० जेवण*
*१.०० भद्रा मारुती, खुलताबाद*
*१.४५ दौलताबाद किल्ला*
*३.४५ पाणचक्की*
*४.३० बीबी का मकबरा*
*६.०० हॉटेल*

मला ती फार देखणी वाटली होती. सगळ्यात लांबचं आधी, मग परतीच्या वाटेवर एकेक. पाच मिनिटांत फोन आला. पन्नाशीचे गृहस्थ, आवाज खर्जातला. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती दखनी वळणाच्या हिंदीत, मी मराठीत बोलते म्हटल्यावर मराठीत आले.

"ताई, चिठ्ठी वाचली. एक विचारू? किल्ला दुपारी पावणेदोनला चढणार? कोण कोण?"

मी म्हटलं, आम्ही दोघं आणि मुलं.

"मग वरून मुलं तुम्हाला उचलून आणावी लागतील. किल्ला सकाळी घ्या. आणि लेणी दुपारनंतर. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तुम्ही जाल तर पूर्ण कडा सावलीत. कैलासवर ऊन येतं ते दुपारी."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिकिटं, वेळा, सुट्टीचे वार सगळं बघितलं होतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, म्हणून तर शुक्रवार-शनिवार निवडला होता. डोंगराचं तोंड कुठे हे मात्र बघितलं नव्हतं.

मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि उद्या जुम्मा आहे. दीडच्या सुमाराला मला तासभर लागेल. तुम्ही लेण्यांत असाल तेव्हा मी खुलताबादला जाऊन येतो, चार-पाच किलोमीटर आहे. तुमचा खोळंबा नाही होणार."

हे त्यांना सांगावं लागलं याची मला थोडी लाज वाटली. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच ही वेळ माझ्या चिठ्ठीत 'भद्रा मारुती' आणि 'दौलताबाद किल्ला' एवढ्यातच संपली होती. ज्याला दिवसभर आपल्याबरोबर राहायचंय त्याचं जेवण, चहा, नमाज यातलं काहीच त्यात नव्हतं.

तिसरी गोष्ट पैशांची, ती मीच काढली. स्थानिक फिरण्यासाठी गाडी साधारण ८ तास ८० किलोमीटर अशी ठरते, आणि तास मोजायचे ते गाडी त्यांच्या जागेवरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. आमचा हिशेब असा झाला. हॉटेल ते दौलताबाद १६ किलोमीटर, तिथून खुलताबाद १० च्या आसपास, पुढे वेरूळ ५, वेरूळहून शहर ३०, शहरातलं इकडंतिकडं ८. सत्तरच्या आत-बाहेर. किलोमीटर बसतात, तास अजिबात बसत नाहीत. दोन वयस्कर माणसं घेऊन हा दिवस आठ तासांत होत नाही. जादा तासाचा दर आदल्या रात्रीच ठरवला. हा आकडा संध्याकाळी हॉटेलच्या दारात बोलायचा नसतो, तेव्हा दोन्ही बाजू दमलेल्या असतात.

मग दुसरी चिठ्ठी लिहिली. ही पूर्ण देते, कारण नंतर बहिणीने मागितली तेव्हा हीच पाठवली:

*उद्या शुक्रवार. माणसं ६. आईला गुडघ्याचा त्रास आहे, तिला पुढची सीट.*

*घ्यायला: सकाळी ८.००, हॉटेलच्या गेटच्या आत. आम्ही नाश्ता करून तयार असू.*

*दौलताबाद: निघणार ११.३० ला. जिथे उतरवाल तिथेच भेटू. आई-बाबा १० वाजता खाली येतील, त्यांना गाडीत बसू द्यावं.*

*भद्रा मारुती: निघणार १२.२० ला.*

*वेरूळ: १२.४५ पर्यंत सोडा. मग तुम्ही नमाज आणि जेवण करून या. आम्ही ४.१५ ला वाहनतळावर.*

*घृष्णेश्वर: निघणार ५.१५ ला. आत फोन चालत नाही, फोन गाडीत ठेवू.*

*मकबरा: निघणार ७.१५ ला. हॉटेल ७.३०.*

*उशीर झाला तर मकबरा गाळू. लेणी नाही.*

पोचायच्या वेळा काढून निघायच्या वेळा घालायच्या, ही सूचना त्यांची. "पोचायचं माझ्यावर सोडा, निघायचं तुमच्यावर आहे," असं म्हणाले. शेवटची ओळ मात्र माझी, आणि दिवसभरात तीच सगळ्यात उपयोगी पडली.

बाबांनी ही चिठ्ठी त्यांच्या छोट्या डायरीत पेनाने उतरवून घेतली, ड्रायव्हरच्या नंबरासकट. मुलगी हसली. मोबाइलमध्ये असताना कशाला? बाबा म्हणाले, "असू दे." ते असू दे म्हणतात तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसरा दिवस, शुक्रवार: किल्ला

आठला पाच मिनिटं असताना गाडी गेटच्या आत होती. डॅशबोर्डवर एक पेट्रोलपंपाची पावती उलटी करून चिकटवलेली. त्यावर बारीक अक्षरात माझी अख्खी चिठ्ठी पाच ओळींत आली होती: *किला ११.३०. मारुती १२.२०. लेणी ४.१५. मंदिर ५.१५. मकबरा ७.१५.* बाकी सगळं गळलं होतं. चालवताना डोळा टाकला की एवढंच दिसायला हवं, असं त्यांनी सांगितलं. मी एवढं सविस्तर लिहिलं होतं त्याचं थोडं वाईट वाटलं, पण आईसाठी पुढची सीट आधीच मागे सरकवून ठेवली होती. म्हणजे वाचलं होतं.

सकाळी बोचरी थंडी होती. दौलताबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पेरूच्या टोपल्या मांडायला नुकती सुरुवात झाली होती. इथले पेरू घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिखट-मीठ लावून चार फोडी करून देतात, आणि गाडीत दिवसभर वास राहतो.

किल्ल्याची उंची दुरून कळत नाही. लांबून तो उलट्या वाडग्यासारखा दिसतो, जवळ गेलं की कळतं की डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सरळ भिंत केली आहे. यादवांची ही देवगिरी. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव दौलताबाद ठेवलं. आई-बाबांना आम्ही खालच्या सपाट भागातच ठेवलं. दरवाजे, हत्ती हौद, पुढे भारतमातेचं मंदिर झालेली जुनी वास्तू आणि चांद मिनार एवढं त्यांनी सावकाश बघितलं. साठ मीटरांहून उंच असलेला तो मिनार बघायला वर चढावं लागत नाही, तो खालीच आहे. गुडघे दुखणाऱ्यांना किल्ला बघितल्याचं समाधान इथेच मिळतं, आणि दीड तास त्याला पुरतो.

आम्ही चौघं वर निघालो. चिनी महाल लागला, गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा इथे औरंगजेबाच्या कैदेत होता. त्याच्या शेजारी बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला खरोखरच मेंढ्याचं डोकं आहे. मुलाने त्याच्या शिंगांवरून हात फिरवला आणि पुढचा अर्धा तास त्याला दुसरं काही दाखवता आलं नाही.

मग खंदकावरचा पूल आणि अंधारी. हा कातळातून वर जाणारा काळोखा, वळणावळणाचा जिना. आत वटवाघळांचा वास इतका दाट की मुलीने ओढणी नाकाला लावली ती बाहेर येईपर्यंत काढली नाही. पायऱ्या मुद्दाम उंचसखल केलेल्या, शत्रूने अंधारात अडखळावं म्हणून. टॉर्च हवीच. फोनची चालते, पण एक हात मोकळा राहायला हवा, मुलाचा धरायला. वटवाघळांची भीती असणाऱ्यांसाठी बाहेरून जायची वेगळी पायवाट आहे, हे आम्हाला वर गेल्यावर कळलं.

बारादरीपर्यंत पोचायला तास-सव्वा तास लागला. वर वारा होता, खाली गाड्या मुंग्यांएवढ्या. आणि माझी चूक इथे झाली. साडेअकराची वेळ मी चढण्याच्या हिशेबाने लावली होती, उतरायला अर्धा तास धरून. पण उतरताना मुलाचे पाय थरथरायला लागले, दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसकण. पावणेबाराच्या पुढे खाली आलो. तुमच्याबरोबर दहा वर्षांखालचं मूल असेल तर वरपर्यंत जाऊन यायला तीन तास धरा, किंवा अंधारी पार करून परत फिरा.

आई-बाबा गाडीत मजेत होते. ड्रायव्हरनी त्यांना चहा पाजला होता आणि आईने त्यांच्या दोन्ही मुलींची शिक्षणं, नोकऱ्या, सगळं विचारून घेतलं होतं.

शुक्रवार: दिल्ली दरवाजा आणि खुलताबाद

वीसेक मिनिटं गेली होती, ती भरून निघतील असं मला वाटत होतं. नकाशा खुलताबादला वीस मिनिटं दाखवत होता. नकाशाला दिल्ली दरवाजा ठाऊक नाही. वेरूळला जाणारा रस्ता जुन्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो, आणि त्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघू शकते. समोरून सहलीची बस आली की सगळे थांबतात. त्या दिवशी तर दोन्ही बाजूंनी शाळांच्या बसेस होत्या. आम्ही पाऊण तास त्या कमानीकडे बघत बसलो. बाबांनी तेवढ्यात कमानीचे दगड मोजले.

शाळांच्या सहली जानेवारीत जोरात असतात. त्या साधारण अकरा ते एक ह्या वेळात किल्ल्याहून लेण्यांकडे सरकतात. तुम्ही एकतर त्यांच्या आधी निघा, किंवा पाऊण तास गृहीत धरा.

घाट चढून वर आलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. ड्रायव्हर काही बोलले नाहीत, पण दोनदा घड्याळाकडे बघितलेलं मी पाहिलं. आई म्हणाली, मारुती राहू दे, सरळ लेण्यांवर सोडा म्हणजे ह्यांना नमाज मिळेल. तेव्हा ते म्हणाले, "नाही आजी, उलटं करू. मारुती खुलताबादलाच आहे, मशीद पण इथेच आहे. तुम्ही दर्शन घ्या, जेवा. मी चालत जाऊन येतो. गाडी इथेच."

हे माझ्या डोक्यात का आलं नव्हतं, कोण जाणे! मी चिठ्ठीत त्यांना आधी वेरूळला पाठवून मग परत खुलताबादला आणणार होते. नऊ-दहा किलोमीटरची उगाच फेरी.

भद्रा मारुती निजलेला आहे. उभी किंवा बसलेली मूर्ती बघायची सवय, इथे गाभाऱ्यात खाली आडवा पहुडलेला शेंदरी मारुती. शनिवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवार असल्याने आम्हाला दहा मिनिटांत दर्शन झालं. आईने रुईच्या पानांची माळ वाहिली आणि बाहेर येऊन ड्रायव्हरसाठी वेगळा प्रसाद बांधून घेतला.

देवळाबाहेरच्या एका छोट्या खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. भाकरी तव्यावरून थेट ताटात, हाताला चटका बसेल अशी. मुलगा पिठल्याला नाक मुरडतो तो दोनदा घेऊन जेवला. तेवढ्यात गावातून अजानचा आवाज आला, मागून देवळातली घंटा. जेवण संपवून हात धुतो तो ड्रायव्हर परत आले, डोक्यावरची टोपी खिशात घडी करत. आईने प्रसादाची पुडी पुढे केली, त्यांनी कपाळाला लावून खाल्ली. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

शुक्रवार: वेरूळ

दोन-दहाला वेरूळ. एक लेणी-समूह, ३४ लेणी, सगळी बघायची नाहीत हे घरीच ठरवलं होतं. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, अशी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे डोंगराच्या एकाच कड्यात रांगेने आहेत. वयस्करांबरोबर असाल तर १६, १० आणि ३२ एवढी बघा, जमलं तर १२. जैन लेणी बरीच लांब आहेत, तिथवर आतली बस जाते. तिकीट १५ वर्षांखालच्या मुलांना नाही, म्हणून माझी मुलगी शेवटच्या वर्षी फुकट गेली.

१६ क्रमांक म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. फोटो हजार वेळा पाहिले असतील तरी दारातून आत गेल्यावर जे होतं त्याची तयारी होत नाही. वरून खाली खोदत आणलेलं देऊळ, मागचा कडा तीस मीटरांहून जास्त खोल कापलेला. देऊळ बांधलेलं नाही, नको तो दगड काढून टाकलाय. बाबा सिव्हिल इंजिनिअर. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "चूक झाली तर जोडायचं कसं?"

अडीच-पावणेतीनच्या सुमाराला ऊन समोरून आत आलं. पुढच्या भिंती सोनेरी झाल्या, आणि दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प, जे सावलीत नुसतं काळं दिसलं असतं, त्यातले हात एकेक मोजता आले. पार्वती घाबरून शंकराकडे सरकली आहे, शंकराचा अंगठा नुसता टेकलेला. मागच्या बाजूला काही ठिकाणी पांढऱ्या गिलाव्याचे थर आहेत, त्यावर रंगाचे डाग. हे देऊळ एके काळी चुन्याने पांढरं केलेलं होतं, खरोखरच्या बर्फाच्या कैलासासारखं. मुलीला ते पटेना. काळा दगडच तिच्या डोळ्यांत बसला होता.

मी मनात त्या खर्जातल्या आवाजाला नमस्कार केला. सकाळी आठला आलो असतो तर हे सगळं राखाडी असतं.

१० क्रमांकाला सुताराचं लेणं म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, सगळ्या दगडातच कोरलेल्या, जणू कोणी सुताराने लावल्या आणि त्या दगड झाल्या. वरच्या खिडकीतून तिरका उजेड आत येत होता. एक मुलगी हळू आवाजात गात होती आणि शेवटचा स्वर तिचं तोंड मिटल्यावरही राहत होता. आई तिथेच दगडाला टेकून बसली. इथून आता उठणार नाही, म्हणाली, तुम्ही जैन लेणी बघून या.

३२ क्रमांकाच्या, म्हणजे इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरचं छतातलं कोरीव कमळ आणि खांबांवरचं बारीक काम बघून आम्ही परत आलो तेव्हा पाच वाजले होते. चिठ्ठीत ४.१५ होतं.

शुक्रवार: घृष्णेश्वर, आणि डायरी

वाहनतळावर ड्रायव्हर उभेच होते. पावतीवर त्यांनी ४.१५ खोडून काही लिहिलं नव्हतं, नुसतं मंदिर शब्दापुढे एक बाण काढला होता.

घृष्णेश्वराचं देऊळ लेण्यांपासून अगदी जवळ आहे. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं, लाल दगडातलं. पुरुषांनी गाभाऱ्यात जाताना अंगावरचा सदरा, बनियन काढायचं असतं. जानेवारीच्या संध्याकाळी बाबांना थंडी वाजणार म्हणून आईने आधीच शाल घेतली होती. फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून सहाही जणांचे फोन गाडीत ठेवून उतरलो.

रांग माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाली. बाहेर आलो तेव्हा अंधारत आलं होतं आणि गाडी जिथे होती तिथे नव्हती.

चिठ्ठीत किल्ल्याच्या ओळीत 'जिथे उतरवाल तिथेच' असं लिहिलं होतं, लेण्यांना 'वाहनतळावर' लिहिलं होतं. देवळाच्या ओळीत काहीच नव्हतं. फोन आत चालत नाही हे मी लिहिलं, पण फोन नसतील तेव्हा भेटायचं कुठे हे लिहिलं नाही. दहा मिनिटं इकडून तिकडे. पांढऱ्या सात सीटच्या गाड्या तिथे किती असतात ते मी सांगू शकते, सतरा होत्या. आपल्या गाडीचा नंबरही मला पाठ नव्हता, तो फोनमध्ये होता. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या, मुलगा रडवेला.

बाबा मात्र पेढ्यांच्या दुकानासमोर बाकावर शाल पांघरून बसले. सदऱ्याच्या खिशातून डायरी काढली, चष्मा चढवला, दुकानदाराचा फोन मागून ड्रायव्हरना लावला. दोन मिनिटांत गाडी समोर. पोलिसांनी रस्त्याकडेच्या सगळ्या गाड्या पुढच्या मोकळ्या जागेत हलवायला लावल्या होत्या. आमचे सहा फोन गाडीत एकामागून एक वाजत होते असं ड्रायव्हर म्हणाले. मी आणि नवरा दुसऱ्यांचे फोन मागून स्वतःच्याच फोनला लावत होतो, कारण पाठ असलेले नंबर तेवढेच. ड्रायव्हरनी परक्याचे फोन उचलायचे नाहीत म्हणून एकही उचलला नाही.

बाबा काही बोलले नाहीत. डायरी खिशात ठेवली आणि पाव किलो पेढे घेतले.

साडेसहा वाजले होते. ड्रायव्हरनी मागे वळून विचारलं, "मकबरा?" मी म्हटलं, लिहिलंय ना, गाळू. त्यांनी पावतीवरची शेवटची ओळ खोडली. कोणी भांडलं नाही, कारण ते आदल्या रात्रीच ठरलं होतं. पाणचक्की तर पहिल्या चिठ्ठीबरोबरच गेली होती. पावणेआठला हॉटेल. तास भरपूर जादा झाले होते, दर ठरलेला होता, दोन वाक्यांत हिशेब मिटला.

रात्री नवऱ्याला नान-खलिया खायचा होता. ड्रायव्हरनी जुन्या शहरातलं एक ठिकाण सांगितलं होतं. पिवळसर तुकतुकीत नान आणि लाल तर्रीचा मटणाचा रस्सा. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ दख्खनमध्ये आला असं इथे सांगतात. आम्ही बाकीच्यांनी खिचडी खाल्ली आणि नऊला झोपलो.

तिसरा दिवस, शनिवार: अजिंठा

ह्या वेळची चिठ्ठी मी त्यांच्या पद्धतीने लिहिली. पाच ओळी:

*निघणार ६.३०, नाश्ता सिल्लोडला.*
*फर्दापूर टी-पॉइंट: इथेच सोडा, इथेच भेटू, बस थांब्याच्या समोर. निघणार २.३०.*
*वाटेत हुरडा मिळाला तर थांबू, अर्धा तास.*
*मकबरा: निघणार ७.००. भेटायचं तिकीट खिडकीपाशी.*
*उशीर झाला तर हुरडा गाळू.*

शेवटच्या ओळीवर घरात बंड झालं, ते वेगळं.

अजिंठ्याला गाडीचा हिशेब वेगळा असतो. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणून पैसे किलोमीटरवर आणि दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले. खासगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत. टी-पॉइंटला उतरायचं आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. परतीच्या बसला दुपारी गर्दी होते, म्हणून निघायची वेळ लिहिताना बसच्या रांगेसाठी अर्धा तास वेगळा धरा. हा मी धरला होता, आणि तो पूर्ण लागला.

पायथ्यापासून पायऱ्या चढाव्या लागतात. डोलीवाले दरवाजातच असतात, भाव आधी ठरवा. आईने आधी ठाम नकार दिला, दहाव्या पायरीवर होकार. चौघांच्या खांद्यावरून जाताना ती आम्हाला हात करत होती आणि चेहऱ्यावर कसनुसं हसू होतं.

१ क्रमांकातला पद्मपाणी बघायला आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. चपला बाहेर, फ्लॅश नाही. आधी काहीच दिसत नाही, मग हातातलं निळं कमळ, मग खाली झुकलेल्या पापण्या. २६ मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध भिंतीच्या लांबीचा आडवा. मुलगा हळूच म्हणाला, "कालच्या मारुतीसारखा."

अडीचला चिठ्ठीप्रमाणे निघालो, सहलीतलं पहिलं आणि शेवटचं. सिल्लोडच्या अलीकडे शेताकडेला ताडपत्रीखाली हुरड्याची भट्टी दिसली. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं खुपसायची, चर्रर्र आवाज आला की काढून तळहातावर चोळायची. हिरवे, गोडसर, गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, वर गूळ. शेतकऱ्याच्या बायकोचे तळहात इतके सरावलेले की ती तोंडाने बोलत होती आणि हात आपले आपण कणीस मोकळं करत होते. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. ड्रायव्हर आमच्याबरोबरच बसले होते, बाबांशी पावसावर बोलत.

मकबऱ्यावर दिवे लागल्यावर पोचलो. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी बांधलेला. लांबून ताजमहाल, जवळ गेल्यावर संगमरवर कमी आणि गिलावा जास्त. पण अंधारात, धुक्यात, मागे डोंगरांची काळी रेघ असताना तो नुसताच सुंदर दिसतो.

बहीण फेब्रुवारीत जायचं म्हणत होती. हॉटेलवर उतरताना मी ड्रायव्हरना विचारलं, सोमवार-मंगळवार चालेल का? ते हसले. "सोमवारी अजिंठा बंद, घृष्णेश्वरला गर्दी. मंगळवारी वेरूळ बंद. ताईंना सांगा, बुधवारी या. आणि चिठ्ठी आधी मला पाठवा."